खात्यात पैसे असूनही एसआयपी का कटत नाही?

राळेगाव तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी जानेवारीत पासबुक घेऊन माझ्याकडे आले. मी बँकेच्या काउंटरवर अठ्ठावीस वर्षे काढून निवृत्त झालो असलो, तरी बाजाराच्या दिवशी अशी पासबुके अजूनही घरी येतात. "साहेब, खात्यात दहा हजार आहेत, पाच तारीख होऊन आठवडा झाला, तरी एसआयपीचे पैसे कटले नाहीत. शाखेत विचारले तर म्हणतात, आमच्याकडून मँडेट चालू आहे. एजंट म्हणतो, मँडेट नवीन करावे लागेल. आता खरे कोणाचे?"

शाखेचे म्हणणे खरे होते. एजंटाचे चुकीचे होते, पण त्यात त्याची लबाडी नव्हती. या व्यवस्थेत कागद दोन आहेत, हे बहुतेकांना ठाऊक नसते. हप्ता अडला की सगळे जण एकाच कागदाकडे बोट दाखवतात आणि तोच पुन्हा पुन्हा भरून पाठवत राहतात. हप्ता का अडतो, कोणत्या टप्प्यावर अडतो आणि त्यावर नेमके काय करायचे, हे गुरुजींच्याच पासबुकाच्या आधाराने येथे पाहू.

एसआयपी वेगळी, मँडेट वेगळे

एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम गुंतवण्याची सूचना. ही सूचना आपण फंडाला दिलेली असते. मँडेट म्हणजे 'अमुक संस्थेने मागणी केली तर माझ्या खात्यातून इतक्या रकमेपर्यंत पैसे द्यावेत' ही परवानगी, आणि ती आपण आपल्या बँकेला दिलेली असते.

गुरुजींना हे पतसंस्थेच्या उदाहरणाने लगेच समजले. शिक्षक पतसंस्थेचे कर्ज घेताना पगारातून कपात करण्याचे संमतिपत्र लिहून देतात. ते एकदा दिले की पगार काढणाऱ्या कार्यालयात पडून राहते. त्यानंतर पतसंस्था दर महिन्याला कपातीची यादी पाठवते आणि त्या यादीप्रमाणे रक्कम वळती होते. संमतिपत्र म्हणजे मँडेट, आणि दर महिन्याची यादी म्हणजे एसआयपी. संमतिपत्रावरची सही जुळली नाही तर ते पत्रच परत येते. पत्र मंजूर आहे, पण यादीत नाव नाही, तर कपात होत नाही. पत्र आहे, यादीत नावही आहे, पण पगारच निघाला नाही, तरीही कपात होत नाही. तिन्ही वेळा परिणाम एकच दिसतो, पण दुरुस्ती तीन वेगळ्या ठिकाणी करावी लागते.

एसआयपीत या कागदांची ने-आण 'नाच' नावाची व्यवस्था करते. ती भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ, म्हणजे एनपीसीआय चालवते. फंडाची बँक मागणी एनपीसीआयकडे पाठवते, एनपीसीआय ती आपल्या बँकेकडे देते आणि आपली बँक पैसे देते किंवा कारण लिहून मागणी परत करते. मँडेट या व्यवस्थेत नोंदले गेले की त्याला वीस अक्षरी-अंकी क्रमांक मिळतो. त्याला यूएमआरएन म्हणतात. हा क्रमांक वहीत लिहून ठेवावा, कारण शाखेत तो सांगितला तर शोध पाच मिनिटांत लागतो. नाही तर 'आमच्याकडे काही दिसत नाही' हेच उत्तर मिळते.

मँडेट कसे करायचे

रस्ते तीन आहेत. पहिला कागदी फॉर्मचा. त्यावर खाते क्रमांक, आयएफएससी आणि कमाल रक्कम लिहून सही करतात आणि सोबत रद्द केलेला धनादेश जोडतात. मंजुरीला दोन ते तीन आठवडे धरून चालावे. दुसरा ई-मँडेटचा. फंडाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर नेटबँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधार यांपैकी एका मार्गाने ओळख पटवली की सही न लागता ते काही दिवसांत नोंदले जाते. तिसरा यूपीआय ऑटोपेचा. त्यात यूपीआय ॲपमध्येच पिन टाकून परवानगी देता येते. डिसेंबर 2023 पासून म्युच्युअल फंडासाठी या मार्गाची मर्यादा एका हप्त्याला 1 लाख रुपये आहे, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांना ती पुरून उरते.

माझे मत विचाराल तर डेबिट कार्डाचे ई-मँडेट गावाकडच्या माणसाला सर्वांत सोयीचे पडते. नेटबँकिंग फार थोड्यांनी घेतलेले असते, पण कार्ड बहुतेकांच्या पाकिटात असते. कार्डाची मुदत संपली तरी हे मँडेट मरत नाही, कारण कार्डाचा उपयोग फक्त ओळख पटवण्यापुरता होतो आणि परवानगी खात्यावर नोंदलेली असते. अट एवढीच की बँकेत नोंदलेला मोबाइल क्रमांक हातातल्या फोनमध्ये चालू असावा. चार वर्षांपूर्वी हरवलेल्या सिमवर ओटीपी जात राहतो आणि माणूस 'साइट चालत नाही' म्हणून उठून जातो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

फॉर्म भरण्यापूर्वी आपली बँक ई-मँडेट स्वीकारते का, हे आधी विचारून घ्यावे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका आणि लहान नागरी बँका यांपैकी सगळ्याच ते स्वीकारतात असे नाही. एनपीसीआयच्या संकेतस्थळावर चालू बँकांची यादी मिळते, आणि फंडाच्या पानावरील यादीत आपल्या बँकेचे नाव दिसत नसेल तर अर्थ तोच.

आणखी एक नियम लोकांना खटकतो, पण तो पक्का आहे. गुंतवणूक ज्याच्या नावाने आहे, त्याच्याच खात्यातून पैसे आले पाहिजेत. वहिनींच्या नावाची एसआयपी भाऊंच्या एकट्याच्या खात्यातून चालत नाही. खाते दोघांचे संयुक्त असेल आणि त्यात वहिनींचे नाव असेल तर चालते. अल्पवयीन मुलांच्या नावाच्या गुंतवणुकीसाठी मात्र आई-वडिलांच्या खात्यातून पैसे देण्याची मुभा आहे.

पहिला अडथळा: मँडेटच नामंजूर

गुरुजींची सुरुवात जूनमध्ये झाली. दरमहा 2,500 रुपये, तारीख 5, कागदी फॉर्म. जुलैच्या मध्यात संदेश आला की मँडेट नाकारले गेले. एजंटाने तोच फॉर्म पुन्हा भरून पाठवला आणि तोही परत आला. कारणाच्या रकान्यात `Drawers signature differs` असे लिहिले होते.

गुरुजींनी फॉर्मवर इंग्रजीत सही केली होती, कारण पॅन कार्डावर त्यांची सही इंग्रजीत आहे. बँकेतले खाते मात्र 2004 चे, नोकरीला लागतानाचे. त्या वेळी त्यांनी नमुना सही मराठीत, पूर्ण नावानिशी, 'रा' ला लांब शेपूट काढून केली होती. बँकेचा कर्मचारी पडद्यावर ती नमुना सही आणि समोर फॉर्मवरची सही पाहतो, तेव्हा ती एकाच माणसाची आहे असे मानायला त्याच्याकडे काहीही आधार नसतो. तो फॉर्म परत करतो आणि त्यात त्याचे चुकत नाही. तोच फॉर्म दहा वेळा पाठवला असता तरी दहा वेळा परत आला असता.

यावर उपाय दोन. शाखेत पॅन आणि आधार घेऊन जावे आणि सही बदलण्याचा अर्ज देऊन नवी नमुना सही नोंदवावी. नाही तर सही लागतच नाही तो मार्ग धरावा. गुरुजींनी दुसरा धरला. शाळेतल्या तरुण सहकाऱ्याच्या मदतीने डेबिट कार्डाने ई-मँडेट केले आणि तीन दिवसांत यूएमआरएन मिळाला.

मँडेट नामंजूर होण्याची बाकीची कारणेही याच जातीची आहेत. कागदावर एक आणि बँकेच्या नोंदीत दुसरे. पॅनवर आडनाव शेवटी, पासबुकात आधी. लग्नानंतर पॅन बदलले, पण खाते माहेरच्या नावानेच राहिले. फॉर्ममध्ये 'बचत खाते' या चौकटीवर खूण केली आणि दिलेला क्रमांक किसान क्रेडिट कार्डाच्या कर्जखात्याचा निघाला. हे शेवटचे आपल्या भागात वारंवार घडते, कारण अनेकांचे कर्जखाते आणि बचत खाते एकाच शाखेत असते आणि दोन्हींची पासबुके सारखीच दिसतात. संयुक्त खाते 'दोघांच्या सहीने' चालणारे असेल तर एकट्याने केलेले मँडेट चालत नाही. तेथे कागदी फॉर्मवर दोघांच्याही सह्या लागतात. केवायसी अद्ययावत नसल्याने किंवा बराच काळ व्यवहार नसल्याने खाते गोठलेले असेल, तर आधी ते शाखेत जाऊन चालू करून घ्यावे लागते. त्याआधी मँडेटचा अर्ज करणे म्हणजे कुलूप लावलेल्या दारावर चिठ्ठी टाकणे.

बँकांच्या विलीनीकरणाचाही येथे संबंध येतो. 1 मे 2025 पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक यांची मिळून एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. त्याआधी 2019 आणि 2020 मध्येही देना, सिंडिकेट, अलाहाबाद, कॉर्पोरेशन अशी नावे मोठ्या बँकांत मिसळली. अशा वेळी आयएफएससी बदलतो. जुन्या धनादेश पुस्तकावरचा कोड पाहून फॉर्म भरला तर तो परत येऊ शकतो. नवे पासबुक छापून घ्यावे आणि त्यावरचाच कोड वापरावा.

दुसरा अडथळा: मँडेट मंजूर, पण हप्ता परत

ऑगस्ट आणि सप्टेंबरचे हप्ते बिनबोभाट कटले. ऑक्टोबरात गाडी अडली. गुरुजींच्या पासबुकातील त्या तीन महिन्यांच्या नोंदी मी त्यांच्यासमोर ओळीने वाचल्या, कारण सगळी गोम त्याच ओळींत होती.

ऑक्टोबर: पगार 8 तारखेला जमा झाला. मागणी 5 तारखेला सकाळी आली तेव्हा खात्यात 640 रुपये होते. मागणी परत गेली. कारण `Balance insufficient`. बँकेने परतीचा आकार लावला. त्यांच्या बँकेचा दर 250 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 295 रुपये. पण खात्यातून ही रक्कम त्याच दिवशी गेली नाही, मागे उभी राहिली.

नोव्हेंबर: या वेळी पगार 3 तारखेला आला. गुरुजींची पाच एकर शेती आहे. हरभऱ्याचे बियाणे, खत आणि मजुरी यांसाठी त्यांनी त्याच दिवशी पैसे काढले, मात्र एसआयपी लक्षात ठेवून खात्यात 2,700 रुपये शिल्लक ठेवले. हिशेब बरोबर होता. पण 4 तारखेला बँकेने ऑक्टोबरचे थकलेले 295 रुपये वसूल केले. उरले 2,405. दुसऱ्या दिवशी सकाळी 2,500 ची मागणी आली आणि 95 रुपयांसाठी परत गेली. पुन्हा 295 चा आकार.

डिसेंबर: पगार 9 तारखेला. मागणी 5 तारखेला परत. आणखी 295.

तीन महिन्यांत आकार झाला 885 रुपये, आणि गुंतवणूक झाली शून्य. एका हप्त्यावर 295 म्हणजे जवळजवळ बारा टक्के. फंडाने वर्षभरात जे मिळवून द्यावे अशी लोक आशा धरतात, तेवढे एका दिवसात बँकेकडे जाते. हा आकार प्रत्येक बँकेचा वेगळा असतो, पण तो लावते बँक. फंड स्वतः चुकलेल्या हप्त्याचा दंड घेत नाही. आधी घेतलेली युनिट्सही, म्हणजे फंडातले आपले वाटे, जशीच्या तशी राहतात. फक्त त्या महिन्याची खरेदी होत नाही.

येथे वेळेचा मुद्दा नीट समजून घ्यावा. मागणी सहसा सकाळीच येते. 'दुपारी भरतो, तारीख तर आजचीच आहे' हा हिशेब चालत नाही. पैसे आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत खात्यात असले पाहिजेत. ऑगस्ट 2021 पासून 'नाच'ची व्यवस्था रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते, त्यामुळे 'उद्या बँक बंद आहे, सोमवारी पाहू' हा आधारही आता उरलेला नाही.

आणखी एक बारकावा. पासबुकात दिसणारी शिल्लक आणि वापरता येणारी शिल्लक नेहमी एकच नसते. कर्जाच्या थकबाकीपोटी किंवा तक्रारीमुळे बँकेने काही रकमेवर होल्ड, म्हणजे अटकाव, लावलेला असू शकतो. पडद्यावर दहा हजार दिसतात, पण त्यातले आठ हजार हलत नाहीत. 'पैसे होते तरी कटले नाही' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यास मी शाखेत एकच प्रश्न विचारायला सांगतो: "खात्यावर होल्ड आहे का, आणि असल्यास किती?"

तिसरा अडथळा: मँडेट जिवंत, एसआयपी बंद

गुरुजी जानेवारीत आले ते हे कोडे घेऊन. खात्यात दहा हजार, मँडेट चालू, तरीही मागणीच आलेली नाही. मी त्यांना फंडाच्या खात्यात एसआयपीची स्थिती पाहायला सांगितली. तेथे एसआयपी डिसेंबरात रद्द झाल्याचे दिसले.

मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले की ती एसआयपी आपोआप रद्द होते. पतसंस्थेच्या भाषेत सांगायचे तर संमतिपत्र कार्यालयात पडून आहे, पण यादीतून नाव कापले गेले आहे. म्हणूनच शाखा 'आमच्याकडून चालू आहे' म्हणत होती आणि ते खरेच होते. एजंट मात्र संमतिपत्रच नवे करायला निघाला होता. नवे मँडेट केले असते तरी एसआयपी नोंदवल्याशिवाय एक रुपयाही कटला नसता, आणि खात्यावर विनाकारण दोन परवानग्या लटकत राहिल्या असत्या.

दुरुस्ती पाच मिनिटांची निघाली. फंडाच्या ॲपवर नवी एसआयपी नोंदवली, देयकाच्या ठिकाणी जुने मँडेट निवडले आणि तारीख 5 ऐवजी 15 ठेवली. पगार कितीही लांबला तरी गेल्या दोन वर्षांत तो 12 तारखेच्या पुढे गेलेला नव्हता, हे पासबुकातच दिसत होते. तारीख निवडताना पगाराच्या आदेशावर जाऊ नये. पासबुकातला सर्वांत उशिराचा दिवस पाहावा आणि त्यात दोन-तीन दिवस मिळवावेत. शिवाय गुरुजींनी दोन हप्त्यांइतके, म्हणजे 5,000 रुपये खात्यात कायम ठेवायचे ठरवले. नोव्हेंबरातल्या 95 रुपयांची आठवण त्यांना पुरेशी होती.

मी पासबुक मिटणार तोच मँडेटची कमाल मर्यादा माझ्या नजरेस पडली. त्यांनी ती नेमकी 2,500 टाकली होती. आणि नवी एसआयपी नोंदवताना 'दरवर्षी दहा टक्के वाढ' या पर्यायावर त्यांनी हौसेने खूण केली होती. पुढल्या वर्षी मागणी 2,750 ची गेली असती आणि मर्यादेबाहेर म्हणून अडली असती. म्हणजे वर्षभर सुरळीत चाललेली एसआयपी एका महिन्यात कारण न कळता थांबली असती. त्यांनी वाढीची खूण काढून टाकली. ज्यांना वाढ हवी आहे, त्यांनी मँडेट करतानाच मर्यादा हप्त्याच्या तीन-चार पट ठेवावी.

मर्यादा जास्त ठेवली तर कोणी जास्त पैसे कापून घेईल का?

ही भीती मला दर वेळी ऐकायला मिळते आणि ती गैर नाही. मर्यादा दहा हजार असली तरी मागणी एसआयपीच्या सूचनेइतकीच, म्हणजे 2,500 चीच जाते. शेताला कुंपण घातले म्हणून सगळे शेत पेरावेच लागते असे नाही. परवानगी कोणाला दिली आहे हे मात्र पाहून घ्यावे. मँडेटवर फंड कंपनीचे नाव असते, किंवा ॲपमार्फत केले असल्यास शेअर बाजारातील देवघेव पूर्ण करणाऱ्या समाशोधन महामंडळाचे नाव येऊ शकते. पासबुकात `ACH` किंवा `NACH` या अक्षरांपुढे अनोळखी इंग्रजी नाव दिसले म्हणून लोक घाबरून शाखेत मँडेट रद्द करून टाकतात. आधी रक्कम आणि तारीख आपल्या एसआयपीशी जुळते का, ते पाहावे.

ई-मँडेट करताना पान आपल्या बँकेचेच उघडते आणि ओटीपी आपणच तेथे टाकायचा असतो. तो फोनवर मागणारा माणूस, मग तो एजंट असो वा स्वतःला बँकेचा म्हणवणारा कोणी, त्याला तो देऊ नये.

हप्ता परत गेला म्हणून गुन्हा दाखल होतो का, सिबिल बिघडते का?

धनादेश न वटल्यावर खटला होतो, तसा इलेक्ट्रॉनिक देयक परत गेल्यावरही होऊ शकतो, हे खरे आहे. देयक व समझोता प्रणाली अधिनियम 2007 चे कलम 25 त्यासाठीच आहे. पण ते कर्ज किंवा देणे फेडण्यासाठी दिलेल्या रकमेला लागू होते. एसआयपी ही आपलीच गुंतवणूक आहे, कोणाचे देणे नाही. ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता आणि एसआयपीचा हप्ता पासबुकात सारख्याच अक्षरांनी दिसतात, पण कायद्याच्या दृष्टीने ते वेगळे आहेत.

सिबिलकडे नोंद कर्जाची जाते, गुंतवणुकीची नाही, त्यामुळे एसआयपी चुकल्याने गुण कमी होत नाहीत. तरीही उद्या कर्ज मागायला गेलो आणि बँकेने सहा महिन्यांचे विवरण मागितले, तर त्यातील परतीच्या ओळी अधिकारी वाचतोच.

बँकेची चूक असेल तर?

पैसे होते, होल्ड नव्हता, मर्यादा पुरेशी होती, तरी मागणी परत केली आणि आकारही लावला, असे झाले तर तो आकार परत मागण्याचा हक्क आपल्याला आहे. तोंडी भांडण्यात अर्थ नसतो. अर्जात यूएमआरएन, मागणीची तारीख, त्या दिवशीची सुरुवातीची शिल्लक आणि फंडाने कळवलेले कारण, या चार गोष्टी लिहाव्यात. सोबत विवरणाची प्रत जोडावी आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्यावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर `cms.rbi.org.in` या संकेतस्थळावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क करता येते. चूक फंडाच्या बाजूची असेल, उदाहरणार्थ पैसे कटले पण युनिट्स मिळाली नाहीत, तर आधी फंडाकडे आणि मग सेबीच्या स्कोर्स या तक्रार प्रणालीवर जावे.

कारणाच्या जागी नुसते `Miscellaneous` लिहून आले असेल तर त्यावर समाधान मानू नये. 'इतर' या शब्दामागे काय आहे ते फक्त आपल्या शाखेलाच पाहता येते, आणि लेखी विचारल्यावर ते शोधले जाते.

दरमहा उत्पन्नच नसेल तर?

येथपर्यंतची सगळी व्यवस्था महिन्याच्या महिन्याला पगार येणाऱ्याला गृहीत धरून केलेली आहे. कापूस, तूर किंवा संत्रा विकणाऱ्याच्या खात्यात वर्षातून दोन-तीनदाच मोठी रक्कम येते. जून ते सप्टेंबर खाते कोरडे असते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत एसआयपी सलग तीनदा चुकून बंद पडते. अशा माणसाला मी बँकेतून दरमहा कटणारी एसआयपी सहसा सुचवत नाही.

त्याच्यासाठी दुसरी सोय आहे. समजा डिसेंबरात कापसाचे पैसे आले आणि त्यातले 60,000 बाजूला काढता आले. ते एकदाच फंडाच्या लिक्विड योजनेत भरावेत. ही अतिशय कमी मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारी योजना असते. त्याच फंडाला सूचना द्यावी की या योजनेतून दरमहा 5,000 रुपये शेअरच्या योजनेत वळते करावेत. याला एसटीपी म्हणतात. पैसे आधीच फंडाकडे असल्यामुळे महिन्याच्या वळतीसाठी बँक लागत नाही, मँडेट लागत नाही आणि परतीच्या आकाराचा प्रश्नच येत नाही. बारा महिने पुढच्या हंगामापर्यंत नीट पुरतात. दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. दोन्ही योजना एकाच फंड कंपनीच्या असाव्या लागतात. आणि दर वळतीला लिक्विड योजनेतील युनिट्स विकली गेली असे मानले जात असल्याने त्यावरील लहानसा नफा करपात्र ठरतो.

थांबवायचे असेल तेव्हा

एसआयपी रद्द केली म्हणजे मँडेट रद्द होत नाही आणि मँडेट रद्द केले म्हणजे एसआयपी थांबत नाही. आधी फंडाकडे एसआयपी बंद करावी. तशी खात्री देणारा संदेश येऊ द्यावा. मग मँडेट पुढे कशालाच लागणार नसेल तर शाखेत किंवा नेटबँकिंगवर ते रद्द करावे. उलट क्रमाने केले तर फंड मागणी पाठवत राहतो, बँक ती परत करत राहते, आणि काही बँका त्यावरही आकार लावतात.

गुरुजींचा 15 फेब्रुवारीचा हप्ता कटला. त्या महिन्यात पगार 10 तारखेला आला होता. संध्याकाळी त्यांनी पासबुकाच्या त्या ओळीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, "एजंटाने केलेले ते दोन जुने फॉर्म अजून कुठे मंजूर तर व्हायचे नाहीत ना?" नाकारलेले मँडेट नाकारलेलेच राहते, त्याला यूएमआरएन मिळालेला असला तरी त्यावर कोणी पैसे मागू शकत नाही, असे मी त्यांना कळवले.